भाव तोच, वेळ वेगळी

समजा, दोन भाऊ आहेत. दोघांनाही एकच कंपनी आवडली आहे, दोघांनाही ती दहा वर्षं ठेवायची आहे आणि दोघांनीही बाजूला काढलेली रक्कम सारखीच आहे, तीन लाख. थोरल्याचं म्हणणं असं की कंपनी चांगली, भाव रास्त, मग वाट कसली पाहायची? धाकट्याला भाव रास्त आहे हे मान्य आहे, पण तो रोज घसरतोय हेही त्याला दिसतंय. थोरला फेब्रुवारी 2020 मध्ये 205 रुपयांच्या आसपास शेअर घेतो. धाकटा थांबतो आणि दहा महिन्यांनी, डिसेंबर 2020 मध्ये, पहिला हप्ता टाकतो. त्याचा भावही 205 च्याच आसपास!

मग धाकट्याने थांबून मिळवलं काय? उलट मधल्या काळात थोरल्याच्या खात्यात शेअरमागे 10 रुपये 15 पैसे लाभांश जमा झाला, तो धाकट्याला मिळाला नाही. चार्ट बघून खरेदी केली की स्वस्तात मिळतं अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी. भाऊ काल्पनिक आहेत. कंपनी, भाव आणि तारखा खऱ्या आहेत. कंपनी आहे आयटीसी.

आयटीसीची घसरण साधी नव्हती. जुलै 2017 मध्ये शेअर साडेतीनशेच्या वर गेला होता. जीएसटी नुकताच लागू झाला होता आणि सिगारेटवरचा बोजा वाढणार नाही असं बाजाराने धरून ठेवलं होतं. 17 जुलैला जीएसटी परिषदेने सिगारेटवरचा उपकर वाढवला आणि दुसऱ्याच दिवशी शेअर एका दिवसात 12 टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यानंतर दोन वर्षं तो साधारण 250 ते 310 च्या पट्ट्यात घुटमळत राहिला, मग 2019 च्या मध्यापासून पायरी पायरीने खाली उतरू लागला. फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात सिगारेटवर पुन्हा कर वाढला आणि आणखी एक पायरी गेली. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर आयटीसीच्या भागधारकांची यथेच्छ टिंगल चाले. लग्नात आहेर म्हणून काय द्यावं इथपासून ते संयमाची व्याख्या काय इथपर्यंत सगळ्या विनोदांत हा शेअर असे.

धंदा मात्र बुडत नव्हता. सिगारेटमधून नफ्याचा चार पंचमांशाहून मोठा वाटा येत होता, कंपनीवर कर्ज नावापुरतं होतं आणि कागदावर दिसणारा नफा रोकड म्हणून हातात येत होता. सिगारेटच्या धंद्यात पैसा लावायचाच नाही असं ज्यांचं मत आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी इथे दुसरी एखादी कर्जमुक्त, रोकड कमावणारी कंपनी मनात धरावी. गणित बदलत नाही.

आता ते गणित. स्वस्त आणि महाग हे शब्द आपण फार सैल वापरतो. 2019 मध्ये आयटीसी 290 ला स्वस्त आहे असं पुष्कळ जण म्हणत, कारण हिंदुस्थान युनिलिव्हर त्याहून कितीतरी महाग होती. शेजाऱ्याचा फ्लॅट दीड कोटीचा म्हणून आपला एक कोटीचा स्वस्त ठरत नाही. भाडं किती येतं हे पाहावं लागतं. 2018-19 मध्ये आयटीसीचा शेअरमागचा नफा होता सव्वादहा रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे 290 ला तुम्ही एका वर्षाच्या नफ्याच्या 28 पट मोजत होता, आणि तेही रेंगाळत वाढणाऱ्या धंद्यासाठी.

वही घेऊन बसलं तर एक पान पुरतं. पहिली ओळ, साधारण वर्षात शेअरमागे नफा किती? 2019-20 मध्ये आयटीसीचा नफा 15,136 कोटी रुपये होता, शेअरमागे 12 रुपये 30 पैसे. सप्टेंबर 2019 मध्ये सरकारने कंपनी कर कमी केला होता, त्यामुळे हा आकडा आदल्या वर्षाहून एकदम फुगलेला दिसतो. पण करकपात कायमची होती, तेव्हा 12 रुपये धरायला हरकत नाही. (थोरल्याच्या खरेदीवेळी वर्ष संपलेलं नव्हतं, पण तीन तिमाहींचे आकडे हातात होते आणि अंदाज तिथेच येत होता.)

दुसरी ओळ, पुढची पाच वर्षं नफा किती वेगाने वाढेल आणि पाच वर्षांनी बाजार त्याला किती पट भाव देईल? इथे एकच आकडा लिहिणारा माणूस स्वतःला फसवतो. दोन लिहावेत. रडका अंदाज असा, की नफा वर्षाला 4 टक्क्यांनी वाढेल आणि शेवटी बाजार नफ्याच्या फक्त 14 पट देईल. मध्यम अंदाज असा, की वाढ 8 टक्के आणि 18 पट. दोन्हीत नफ्याचा 85 टक्के वाटा लाभांश म्हणून मिळेल असं धरू. कंपनीने 2020 मध्ये जाहीर केलेलं लाभांश धोरण 80 ते 85 टक्क्यांचं होतं.

रडक्या अंदाजात पाचव्या वर्षी नफा 14 रुपये 60 पैसे होतो आणि भाव सुमारे 204. मध्यम अंदाजात नफा 17 रुपये 60 पैसे, भाव 317. पाच वर्षांतला लाभांश एकात साधारण 57 रुपये, दुसऱ्यात 65. आता उलटं मोजायचं. मला वर्षाला 12 टक्के परतावा हवा असेल, तर या सगळ्यासाठी आज जास्तीत जास्त किती द्यावेत? पाच वर्षांनी येणारा रुपया 12 टक्क्यांच्या दराने आज सुमारे 57 पैशांचा आहे. लाभांश आधी आधी येतो म्हणून त्याची किंमत थोडी जास्त. रडक्या अंदाजात उत्तर येतं 157 रुपये, मध्यम अंदाजात 226.

ही दोन टोकं वहीत लिहिली की मूल्यांकनाचं अर्धं काम झालं. 157 च्या खाली मिळाला तर वाईट गेलं तरी 12 टक्के सुटतात. 226 च्या वर घेतला तर ठीकठाक गेलं तरी सुटत नाहीत. 226 हे छत. त्यावर भाव असेल तर चार्ट कितीही सुंदर दिसो, खरेदी नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये 205 ला घेणारा थोरला छताच्या खालीच होता. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं.

मार्चमध्ये टाळेबंदीच्या भीतीने बाजार कोसळला आणि आयटीसी 135 च्या घरात आला. थोरल्याचे तीन लाख एका महिन्यात दोन लाखांच्या खाली. 157 च्या खाली तर डोळे मिटून घ्यायला हवा होता. पण त्याच्याकडे घ्यायला पैसेच उरले नव्हते. सगळे 205 ला घातले होते. रास्त भावाचा पट्टा 157 ते 226 इतका रुंद निघतो, हेच मूल्यांकन सांगतं आणि तिथेच त्याचा हात टेकतो. पट्ट्याच्या आत केव्हा आणि किती, हे ते सांगत नाही.

धाकटा याच प्रश्नासाठी चार्ट उघडतो. त्याला बारा-पंधरा रंगीत रेघा नको असतात. तो साप्ताहिक चार्ट घेतो, म्हणजे दर आठवड्याची एक कांडी, आणि त्यावर 40 आठवड्यांच्या बंद भावांची साधी सरासरी काढतो. बहुतेक ॲपमध्ये हे 1W निवडून SMA ला 40 हा आकडा दिला की होतं. रोजच्या चार्टवर लोक 200 दिवसांची सरासरी पाहतात, ती जवळपास हीच. अमेरिकेतले स्टॅन वाइनस्टाइन यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात 30 आठवड्यांची सरासरी वापरली आहे. 30 की 40 यावर भांडण्यात अर्थ नाही, एक ठरवून तीच ठेवावी.

या रेघेत जादू काही नाही. गेल्या नऊ-दहा महिन्यांत ज्यांनी शेअर घेतला, त्यांचा सरासरी भाव किती असेल याची ती ढोबळ खूण आहे. भाव तिच्या बराच खाली आणि रेघ उतरती असेल, तर अलीकडे घेतलेले बहुतेक जण तोट्यात आहेत. अशा माणसाचं मन आपल्याला माहीत असतं. भाव जरा वर आला की 'माझे पैसे निघाले तर बरं' म्हणून तो विकतो, आणि प्रत्येक उसळी त्याच्या विक्रीखाली दबते. रेघ उतरायची थांबली, आडवी झाली, याचा अर्थ विकायला उतावीळ झालेले बरेचसे विकून मोकळे झाले. त्यानंतर आठवड्याचा बंद भाव रेघेच्या वर आला, तर नवे घेणारे जुन्या विकणाऱ्यांना पुरून उरत आहेत.

फेब्रुवारी 2020 मध्ये आयटीसीची ही सरासरी 250 च्या आसपास होती आणि उतरत होती. भाव 205. धाकट्याने वहीत छत लिहिलं, चार्ट पाहिला आणि वही मिटली. मार्चमध्ये 135 झाला तेव्हाही त्याने घेतला नाही, आणि ही त्याच्या पद्धतीची खरी किंमत आहे. तळाला सरासरी कधीच आडवी नसते. ज्याला ती आडवी व्हायला हवी, त्याला तळाचा भाव मिळणार नाही, हे आधीच कबूल करावं लागतं. माझं मत विचाराल तर रडक्या अंदाजाच्याही खाली भाव गेला, कंपनीवर कर्ज नाही आणि रोकड येते आहे, अशा वेळी चार्ट बाजूला ठेवून थोडी खरेदी करायला हरकत नसावी. पण धाकटा कडक शिस्तीचा आहे, तेव्हा त्याच्याच पावलांनी जाऊ.

जूनपर्यंत भाव दोनशेच्या जवळ आला, पण रेघ अजून वरच होती आणि घसरत होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेअर पुन्हा 163 पर्यंत खाली गेला. हा क्षण चार्टवर महत्त्वाचा आहे, कारण 163 हा 135 च्या वर आहे. विकणाऱ्यांनी दुसऱ्यांदा जोर लावला आणि त्यांना भाव पूर्वीइतका खाली नेता आला नाही. नोव्हेंबरात भाव चढू लागला. वर्षभरापूर्वीचे अडीचशेच्या आसपासचे भाव सरासरीतून गळून पडले होते, तेव्हा डिसेंबरमध्ये रेघ 185 च्या आगेमागे आडवी झाली आणि भाव तिच्या वर, 205 ला. छत 226. दोन्ही अटी जुळल्या. धाकट्याने तीन लाखांतला एक लाख घातला.

भाव तोच, 205. मग थांबून मिळालं काय, या प्रश्नाकडे परत येऊ. पहिलं म्हणजे त्याचे तीन लाख त्या दहा महिन्यांत दुसरीकडे मोकळे होते. निफ्टी मार्चमधल्या 7,600 वरून नोव्हेंबरअखेर 13,000 च्या जवळ आला होता. त्यातला थोडा वाटा मिळाला असता तरी 10 रुपये 15 पैशांचा लाभांश भरून निघाला असता. दुसरं, त्याला चूक कुठे मोजायची हे माहीत होतं. त्याच्या खरेदीखाली 163 चा ठळक तळ होता. तो तुटला तर त्याचा अंदाज चुकला. नुकसान सुमारे 20 टक्के, एका लाखावर वीस हजार. थोरल्याने 205 ला घेतला तेव्हा त्याच्या पायाखाली असा तळच नव्हता. 190, 170, 150, कुठेही तो थांबला असता आणि कुठेही नसता. भाव सारखा असला तरी दोघे एकाच जागी उभे नव्हते.

तिसरा फायदा पैशात मोजता येत नाही. मार्चमध्ये तीन लाखांचे दोन झालेले पाहून किती थोरल्यांनी तळाला विकलं असेल, याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो.

इथे एक खटका सांगायला हवा. आज ॲपवर आयटीसीचा जुना चार्ट उघडलात तर हे आकडे काही ठिकाणी कमी दिसतील. जानेवारी 2025 मध्ये हॉटेलांचा धंदा वेगळा झाला, आयटीसीच्या दर दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर मिळाला, आणि काही चार्टवर मागचे सगळे भाव त्या हिशेबाने खाली ओढले गेले. बोनस आणि विभाजनाच्या बाबतीतही असंच होतं. वहीतलं छत त्या वेळच्या खऱ्या भावात आणि चार्ट दुरुस्त केलेल्या भावात असला की तुलना फसते. पाच वर्षांपूर्वीची वही काढून आजच्या चार्टशी ताडून पाहणाऱ्याने आधी हे बघावं.

फेब्रुवारी 2021 मध्ये अर्थसंकल्पाने सिगारेटला हात लावला नाही आणि भाव 239 पर्यंत उडाला. ब्रेकआउट झाला म्हणून गर्दी झाली. धाकट्याने वही पाहिली. छत 226, म्हणून गप्प बसला. दोन महिन्यांत शेअर परत दोनशेच्या आसपास. नुसता चार्ट पाहणारा इथे अडकला असता. मूल्यांकनाने चार्टवाल्याला वाचवलं ते असं.

पुढचे महिने कंटाळवाणे होते. भाव 200 ते 215 मध्ये लोंबकळत राहिला, सरासरीही त्याच भावात येऊन बसली, आणि आठवड्याचा बंद भाव कधी वर, कधी खाली. अशा सपाट पट्ट्यात ही रेघ काही कामाची नसते. ती दर पंधरा दिवसांनी 'घे' आणि 'विक' असं आलटून पालटून सांगते, आणि तिचं ऐकणारा दलालीत आणि करात झिजतो. धाकट्याने दुसऱ्या हप्त्यासाठी वेगळा नियम आधीच लिहून ठेवला होता. नवा तळ जुन्या 163 च्या वर पडला आणि दहा आठवडे त्याला धक्का लागला नाही, तर दुसरा लाख. जुलै 2021 मध्ये तो नियम पुरा झाला. भाव पुन्हा 205 च्या आसपास.

पण मूल्यांकनाचं पान मधल्या काळात मऊ झालं होतं. 2020-21 चा नफा 13,032 कोटींवर घसरला, शेअरमागे 10 रुपये 60 पैसे. हाच आकडा पहिल्या ओळीत घातला तर छत 226 वरून 200 वर येतं आणि 205 ची खरेदी बसत नाही. धाकट्याने 12 च धरले, कारण टाळेबंदीत पानटपऱ्या बंद होत्या, लोकांनी सिगारेट सोडली नव्हती; शिवाय त्या वर्षीही कंपनीने शेअरमागे 10 रुपये 75 पैसे लाभांश दिला, म्हणजे वर्षाच्या नफ्याहून थोडा जास्तच. हा निर्णय गणिताचा नाही, धंदा ओळखण्याचा आहे. नफा घटला ते तात्पुरतं की कायमचं, हे चार्ट सांगत नाही आणि आकड्यांचं पानही सांगत नाही. इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं.

ही चूक कशी दिसते, ते येस बँकेने दाखवलं. ऑगस्ट 2018 मध्ये हा शेअर 400 च्या वर होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने राणा कपूर यांची मुदत जानेवारी 2019 अखेरपर्यंतच मर्यादित केल्यावर तो एका दिवसात सुमारे 29 टक्के पडला. पुस्तकी मूल्याच्या मानाने भाव स्वस्त दिसत होता आणि पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत तो 'पडलेला चांगला शेअर' म्हणून घेतला गेला. नवे प्रमुख आले, हवा बदलली, आणि मार्च 2019 च्या अखेरीला भाव 275 च्या आसपास, 40 आठवड्यांच्या सरासरीच्या वर डोकावला. नुसती वरची अट पाहणाऱ्याने तेव्हा घेतला असता. पण रेघ आडवी झालेली नव्हती, ठळकपणे उतरत होती. धाकट्याच्या दुसऱ्या अटीवर तो शेअर नापास होत होता. एप्रिलच्या अखेरीस बँकेने तिमाहीत 1,507 कोटींचा तोटा जाहीर केला आणि शेअर दुसऱ्या सत्रात सुमारे 30 टक्के कोसळला. 5 मार्च 2020 रोजी बँकेवर निर्बंध आले. त्या जुलैत नवे शेअर 12 रुपयांना विकले गेले.

आयटीसी आणि येस बँक यांच्या चार्टमध्ये सुरुवातीला फारसा फरक नव्हता, दोन्ही उतरते. फरक ताळेबंदात होता. बँकेचा किंवा कर्जाने लादलेल्या कंपनीचा 'साधारण वर्षाचा नफा' ही चीज हवेत विरून जाऊ शकते. बुडीत कर्जं मान्य होतात त्या दिवशी पुस्तकी मूल्यच खाली येतं, आणि ते हिशेबात येण्याआधी भावात आलेलं असतं, कारण आतल्या आणि जवळच्या लोकांना आधी कळतं. म्हणून कर्जबाजारी कंपनीत मी चार्टला जास्त वजन देतो आणि छताला कमी. कर्जमुक्त, रोकड कमावणाऱ्या कंपनीत उलट. घसरणीतल्या कंपनीत पाहायची खूण एकच असेल, तर ती म्हणजे नफा आणि धंद्यातून आलेली रोकड यांची शेजारी शेजारी मांडलेली पाच वर्षं. नफा चढता आणि रोकड त्याच्या मागे पडत चाललेली दिसली, तर छत काढायचे कष्ट वाचवावेत. बँकेला मात्र ही खूणही लागू पडत नाही, तिथे रोकडीचा हिशेबच वेगळा. बँकेत थकीत कर्जाचा आकडा पाहावा आणि रिझर्व्ह बँक त्याच्याशी सहमत आहे का ते पाहावं.

भाव तळ तोडून खाली गेला तर काय, हा प्रश्न दीर्घकाळाच्या माणसाला अवघड वाटतो, कारण विकणं त्याच्या स्वभावात नसतं. धाकट्याने लिहिलं होतं, की 163 च्या खाली आठवडा बंद झाला तर दुसरा हप्ता रद्द आणि वही पुन्हा उघडायची. विकायचं की नाही, हे वहीतलं पान बदललं तरच. लाभांश कापला, कराचा मोठा घाव बसला, रोकड आटली, तर विक्री. यातलं काही नसेल तर जे आहे ते राहू द्यायचं, भर मात्र घालायची नाही. ट्रेडरचा स्टॉपलॉस विक्रीचा असतो, याचा खरेदी थांबवण्याचा. सर्वांत वाईट सवय ती मधल्या उड्या मारण्याची. चार्टसाठी घेतलं, चार्ट बिघडला, आणि मग एकदम 'आपण तर लाँग टर्म आहोत' म्हणून मूल्यांकनाचा आडोसा शोधायचा. म्हणूनच कुठला हप्ता कशासाठी, ते खरेदीच्या आधी लिहायचं असतं.

तिसऱ्या लाखाची अट होती जुना माथा ओलांडण्याची. ऑक्टोबर 2021 मध्ये भाव 265 ला टेकून परतला होता आणि फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये 207 च्या आसपास आला. पुन्हा आधीच्या तळाच्या वर! 135, 163, 200, 207. मग एप्रिलमध्ये त्याने 265 ओलांडलं. चार्टच्या पुस्तकात छापावं असं चित्र. मेमध्ये 2021-22 चे आकडे आले. शेअरमागे नफा 12 रुपये 20 पैसे. त्यावरून छत 230. धाकट्याने मन थोडं सैल केलं आणि पुढच्या वर्षी नफा 14 होईल असं धरून पाहिलं. छत 264. भाव त्याच्याही वर. त्याने तिसरा लाख घातला नाही.

जुलै 2023 मध्ये आयटीसी 499 पर्यंत गेला. धाकट्याचे दोन लाख दुपटीच्या वर, त्याखेरीज पहिल्या हप्त्याच्या प्रत्येक शेअरवर तोपर्यंत 37 रुपये 75 पैसे लाभांश. तिसरा लाख मुदतठेवीत. थोरल्याने मार्च 2020 मध्ये विकलं नसेल तर त्याचे तीनही लाख दुपटीच्या पलीकडे होते, आणि घरच्या समारंभात तो हे सांगायला विसरत नसेल.

वहीतला अंदाज मात्र चुकला नव्हता. मध्यम अंदाजाने चौथ्या वर्षी शेअरमागे 16 रुपये 30 पैसे सांगितले होते. 2023-24 मध्ये कंपनीने 20,422 कोटी कमावले, शेअरमागे साधारण 16 रुपये 40 पैसे. चुकला तो पटीचा अंदाज. 18 पट धरले होते, बाजाराने 25 च्या वर दिले. धंद्याने जे द्यायचं ते दिलं, वरचं बाजाराच्या मनाला आलं म्हणून मिळालं. त्या पानावर धाकट्याने समासात 18 च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि खोडून पुन्हा 18 च लिहिलं.